प्रकाशनाधारित प्रबंध: एका मोठ्या मसुद्यातून स्वतंत्र शोधनिबंध कसे काढावेत

प्रबंधाचा मसुदा बराचसा लिहून झाला आणि मग तो प्रकाशनाधारित स्वरूपात, म्हणजे जर्नलांसाठी लिहिलेल्या स्वतंत्र शोधनिबंधांचा संच म्हणून द्यायचं ठरलं, की पहिला मोह होतो तो प्रकरणागणिक एक निबंध काढण्याचा. साहित्य आढाव्याचा एक, सर्वेक्षणाचा एक, मुलाखतींचा एक. ही विभागणी बहुतेक वेळा फसते. प्रबंधाची प्रकरणं कामाच्या टप्प्यांप्रमाणे रचलेली असतात: आधी काय वाचलं, मग कसं मोजलं, मग काय मिळालं. शोधनिबंध मात्र एका प्रश्नाभोवती उभा राहतो. त्याला स्वतःची पार्श्वभूमी लागते, स्वतःची पद्धत लागते आणि स्वतःच्या पुराव्यावर टिकणारा निष्कर्ष लागतो. त्यामुळे प्रकरणं सुटी करून चालत नाही. प्रश्नांप्रमाणे सगळा मजकूर नव्याने वाटावा लागतो.

हे काम नीट दिसावं म्हणून एक कल्पित प्रबंध समोर ठेवू. विषय: रुग्णालयात फिरत्या पाळीत काम करणाऱ्या परिचारिकांची झोप आणि औषध देताना होणाऱ्या चुका. मसुदा 85,000 शब्दांचा. त्यात प्रस्तावना 6,000, साहित्य आढावा 18,000, संशोधन पद्धती 14,000, सर्वेक्षणाचे निष्कर्ष 20,000, मुलाखती 17,000 आणि चर्चा 10,000 शब्दांची. सर्वेक्षणात 548 वापरण्याजोग्या प्रश्नावल्या मिळाल्या, त्यांतल्या 140 परिचारिकांनी 14 दिवस झोपेची नोंदवही भरली आणि 24 जणींच्या सविस्तर मुलाखती झाल्या. सामाजिक शास्त्रं, आरोग्य, शिक्षण या क्षेत्रांतले बरेच प्रबंध याच बांध्याचे असतात, म्हणून हे उदाहरण पुढे शेवटपर्यंत धरू.

## आधी विद्यापीठाचे नियम

एक शब्दही हलवण्याआधी तुमच्या विद्यापीठाचा प्रकाशनाधारित प्रबंधाचा नियम मूळ मजकुरात वाचा, कुणाच्या सांगण्यावर राहू नका. त्यात पाच गोष्टी शोधायच्या. किमान किती निबंध हवेत. ते प्रकाशित असावे लागतात, स्वीकृत चालतात की नुसते पाठवलेलेही धरले जातात. किती निबंधांत तुम्ही प्रथम लेखक असायला हवं. काम नोंदणीनंतरच्या काळातलं असण्याची अट आहे का. आणि सहलेखकांकडून कोणत्या स्वरूपाचं लेखी निवेदन लागतं.

यांतली दुसरी अट सगळं वेळापत्रक ठरवते. निबंध ‘पाठवलेला’ असला तरी चालतो, असं असेल तर तीन निबंधांची आखणी निवांत करता येते. तिन्ही ‘स्वीकृत’ हवेत असं असेल, तर पहिला निबंध प्रबंध देण्याच्या तारखेच्या बराच आधी पाठवायला हवा. समीक्षेच्या पहिल्या फेरीलाच कित्येक महिने जातात, आणि नकार आला तर दुसऱ्या जर्नलमध्ये तेच चक्र पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

## दाव्यांची यादी करा, मजकुराची नको

आता मसुदा घेऊन बसा आणि त्यातला प्रत्येक निष्कर्ष एकेका पूर्ण वाक्यात कागदावर उतरवा. विषय लिहू नका, दावा लिहा. ‘पाळीतलं अंतर आणि झोप’ हा विषय झाला. ‘दोन पाळ्यांमध्ये 11 तासांपेक्षा कमी अंतर असलेल्या दिवशी परिचारिका कमी झोपतात’ हा दावा झाला. वाक्य पूर्ण करताच कळतं की त्यामागे पुरावा आहे की नुसती धारणा. आपल्या उदाहरणात अशी पंधरा-वीस वाक्यं निघतील.

प्रत्येक वाक्यापुढे तीन गोष्टी लिहा: हा दावा कोणत्या तक्त्यावर किंवा उताऱ्यावर उभा आहे, तो कोणत्या नमुन्यातून आला आणि तो मान्य होण्यासाठी वाचकाला आधी दुसरा कोणता दावा पटलेला हवा. तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा आहे. ‘कमी झोपेनंतर औषधाच्या चुका वाढतात’ हा दावा ‘कमी अंतरामुळे झोप घटते’ यावर अवलंबून नाही, तो एकटा उभा राहतो. पण ‘कमी अंतरामुळे झोप घटते आणि त्यातूनच चुका वाढतात’ हा दावा आधीच्या दोघांच्याही खांद्यावर बसलेला आहे. अशा जोडदाव्याला एकाच निबंधात घर मिळायला हवं, आणि ते कोणत्या हे आत्ताच ठरवावं लागतं.

ही यादी गटांत लावली की निबंध आपोआप दिसू लागतात. आपल्या उदाहरणात तीन गट पडतात:

- पहिला निबंध: पाळीतलं अंतर आणि झोपेचे तास. पुरावा: 548 प्रश्नावल्या आणि 140 नोंदवह्या.
- दुसरा निबंध: झोप आणि औषध देतानाच्या चुका, त्यात थोडक्यात टळलेल्या चुकाही. पुरावा: त्याच प्रश्नावल्या, पण चुकांविषयीचे प्रश्न भरलेल्या 521.
- तिसरा निबंध: थकलेली परिचारिका झालेली चूक नोंदवायची की नाही हे कसं ठरवते. पुरावा: 24 मुलाखती.

अंतर, झोप आणि चूक यांना जोडणारा दावा दुसऱ्या निबंधात जाईल, कारण तिथे तिन्ही मोजमापं एकत्र हाताशी आहेत. याचा अर्थ पहिल्या निबंधाच्या निष्कर्षात चुकांबद्दल एकही दावा करायचा नाही. ‘याचा रुग्णांच्या सुरक्षिततेवर परिणाम होऊ शकतो, ते वेगळं तपासायला हवं’ इतकं वाक्य पुरे. इथे हात आवरला नाही, तर दुसऱ्या निबंधाचा समीक्षक म्हणतो, ‘हे लेखकांनी आधीच सांगितलं आहे, नवीन काय?’

काही वाक्यं कुठल्याच गटात बसणार नाहीत. वयानुसार झोपेतला किरकोळ फरक, एका विभागातल्या सवयींची नोंद, अशी ती असतात. त्यांच्यासाठी चौथा निबंध ओढून काढू नका. ती परिशिष्टात किंवा तिन्ही निबंधांना प्रबंधात एकत्र बांधणाऱ्या जोडणाऱ्या प्रकरणात ठेवा.

## विभागणी कुठे थांबवायची

एकाच माहितीचे बारीक बारीक तुकडे करून निबंधांची संख्या वाढवण्याला प्रकाशनाच्या जगात ‘सलामी स्लायसिंग’ म्हणतात. जर्नलांना प्रकाशन नीतीबाबत मार्गदर्शन करणाऱ्या ‘कोप’ या संस्थेच्या चौकटीत हा प्रकार अनावश्यक, पुनरावृत्त प्रकाशनाच्या प्रश्नाशी जोडून पाहिला जातो. एकाच सर्वेक्षणातून दोन निबंध काढणं आपोआप गैर ठरत नाही. गैर ठरतं ते एका प्रश्नाचं उत्तर दोघांत वाटून टाकणं आणि ते लपवणं.

प्रत्येक जोडीला तीन कसोट्या लावा. पहिली: दोन्ही निबंधांची गृहीतकं शेजारी ठेवली तर ती वेगळी आहेत का, की फक्त माणसांचा गट बदलला आहे? रात्रपाळीच्या परिचारिकांवर एक आणि दिवसपाळीच्यांवर दुसरा निबंध हा सरळ तुकडा पाडण्याचा प्रकार आहे, कारण वाचकाला हवी ती त्या दोघींची तुलनाच दोन्हींत हरवते. दुसरी: एक निबंध वाचणाऱ्याला दुसरा माहीत नसेल तर त्याची दिशाभूल होईल का? एकाच चाचणीच्या पाच निकालांपैकी लक्षणीय दोन एका निबंधात आणि लक्षणीय न ठरलेले तीन कुठेच नाहीत, असं झालं तर दिशाभूल झालीच. तिसरी: दोन्ही निबंध एकत्र करून एकाच जर्नलच्या शब्दमर्यादेत तोच मजकूर सहज बसतो का? बसत असेल तर तो एकच निबंध आहे.

आपल्या उदाहरणात नोंदवह्यांचा निबंध सर्वेक्षणाच्या निबंधापासून वेगळा काढण्याचा मोह होईल. 140 जणींचे 14 दिवस म्हणजे जवळपास दोन हजार रात्रींची माहिती, तीही रोजच्या रोज भरलेली. पण दोन्हींचा प्रश्न एकच आहे: अंतर कमी झालं की झोप घटते का? सर्वेक्षण त्याचं विस्तृत पण ढोबळ उत्तर देतं, नोंदवही बारीक पण छोट्या गटाचं. दोन्ही एकत्र असतील तरच समीक्षकाचा ‘आठवून सांगितलेल्या झोपेवर विश्वास कसा ठेवायचा?’ हा आक्षेप तिथल्या तिथे मिटतो. वेगळे काढले तर दोन्ही निबंध दुबळे होतात.

## सामायिक निर्णयांची वही

विभागणीतल्या बहुतेक चुका कापण्याच्या जागी होत नाहीत, त्या सगळ्या निबंधांना समान असलेल्या भागात होतात. पहिला निबंध मार्चमध्ये लिहिला, दुसरा नोव्हेंबरमध्ये. मधल्या काळात रात्रपाळीची व्याख्या थोडी बदलली, अपूर्ण प्रश्नावल्या वगळण्याचा निकष बदलला. मग पहिल्या निबंधात 548 आणि दुसऱ्यात 539 असा आकडा येतो आणि तो का बदलला हे खुद्द लेखकालाही सांगता येत नाही. प्रबंधाचे परीक्षक मात्र तिन्ही निबंध एका बैठकीत वाचतात आणि हीच विसंगती त्यांच्या नजरेला सर्वांत आधी पडते.

म्हणून लिहायला बसण्याआधी एक-दोन पानांची एकच नोंद तयार करा आणि ती सर्व निबंधांसाठी बंधनकारक माना. त्यात पाळीची व्याख्या वेळेसह, झोप मोजण्याचं एकक, अपूर्ण उत्तरं कशी हाताळली, कुणाला वगळलं आणि का, कोणते घटक नियंत्रित केले आणि विश्लेषणाची प्रणाली कोणत्या आवृत्तीची वापरली हे लिहा. शेवटी नमुन्याचा प्रवास आकड्यांत मांडा: किती प्रश्नावल्या वाटल्या, किती परत आल्या, किती वापरता आल्या, त्यांतून कोणत्या निबंधात किती गेल्या आणि गळती का झाली.

आपल्या दुसऱ्या निबंधात 27 जणी कमी होतात. त्या वाक्याचा मसुदा असा: ‘प्रस्तुत विश्लेषण 548 परिचारिकांच्या सर्वेक्षणावर आधारित आहे, या सर्वेक्षणातील झोपेविषयीचे निष्कर्ष अन्यत्र मांडले आहेत. चुकांविषयीच्या प्रश्नांची उत्तरे न देणाऱ्या 27 जणी येथे वगळल्या असून विश्लेषणात 521 परिचारिकांचा समावेश आहे.’ या वाक्यांमध्ये निबंधांचं नातं, नमुन्यातला फरक आणि त्याचं कारण हे सारं उघड झालं. मात्र त्या 27 जणी इतरांपेक्षा वेगळ्या होत्या का, हेही एका छोट्या तुलनेतून दाखवा. त्या जास्त रात्रपाळ्या करणाऱ्या निघाल्या, तर हा फरक चुकांच्या आकड्यावर परिणाम करू शकतो.

नियंत्रित घटकांचंही तसंच. पहिल्या निबंधात वय, अनुभव आणि विभाग धरले आणि दुसऱ्यात फक्त वय आणि विभाग, तर कारण द्यावं लागेल. कारण नसेल तर तिन्ही घटक दोन्हींकडे धरा.

## पद्धतीचा भाग तीनदा कसा लिहायचा

तिन्ही निबंधांत सर्वेक्षण कसं झालं, संमती कशी घेतली, प्रश्नावली कुठून आली हे येणारच. इथे दोन टोकांच्या चुका होतात. एक म्हणजे प्रबंधातला 14,000 शब्दांचा भाग जसाच्या तसा तिन्हींत चिकटवणं. मग साम्य तपासणाऱ्या प्रणालीत निबंध लाल रंगाने भरून जातो. दुसरी म्हणजे ‘पद्धतीसाठी आमचा आधीचा निबंध पाहा’ एवढंच लिहून मोकळं होणं. त्याने निबंध स्वतंत्र राहत नाही, आणि पहिला अजून छापून आलेला नसेल तर समीक्षकाला पाहायला काहीच उरत नाही.

यातून वाट अशी. पद्धतीच्या भागातली मर्यादित पुनरावृत्ती संपादक तुलनेने समजून घेतात, कारण एकच काम शंभर वेगळ्या शब्दांत सांगण्याला अर्थ नसतो. निष्कर्ष आणि चर्चेतली पुनरावृत्ती मात्र खपत नाही. त्यामुळे ज्या निबंधात पद्धतीचा मोठा वाटा प्रथम वापरला, तिथे ती पूर्ण लिहा, साधारण 1,500 शब्द. पुढच्या निबंधात तिचा 300 ते 400 शब्दांचा गोषवारा द्या, पहिल्या निबंधाचा संदर्भ जोडा आणि त्या निबंधाला लागणारा भाग पूर्ण विस्तारा. दुसऱ्या निबंधात चुका कशा मोजल्या हे सविस्तर यायला हवं. झोपेच्या नोंदवहीचं वर्णन तिथे दोन वाक्यांत संपतं. एक कसोटी लावून पाहा: फक्त हाच निबंध हातात असलेल्या वाचकाला यातला अभ्यास पुन्हा करता येईल का? येत असेल तर गोषवारा पुरेसा आहे.

वाक्यं स्वतःची असली तरी ती आधी छापून आलेली असतील तर स्रोत सांगावा लागतो. आणि तक्ते किंवा आकृत्या पुन्हा वापरायच्या असतील तर प्रकाशकाच्या हक्कांचा प्रश्न येतो. म्हणून नमुन्याच्या प्रवासाची आकृती प्रत्येक निबंधासाठी वेगळी काढा. तशीही ती प्रत्येक ठिकाणी थोडी वेगळी असते.

## 18,000 शब्दांतून 900

साहित्य आढाव्याचं प्रकरण सोडवत नाही, हे खरं. त्यात वर्षानुवर्षांचं वाचन असतं. पण 6,000 शब्दांच्या निबंधात प्रस्तावनेला 900 शब्दच मिळतात: पद्धतीला 1,500, निष्कर्षांना 1,800, चर्चेला 1,500 आणि उरलेले 300 मर्यादा व शेवट यांसाठी.

आढावा आखडत बसू नका. त्यातून निवड करा. आधी निबंधाच्या प्रस्तावनेचं शेवटचं वाक्य लिहा, ज्यात पोकळी आणि प्रश्न येतो. उदाहरणार्थ: ‘कमी अंतराच्या पाळ्यांचा झोपेवरील परिणाम आठवणीवर आधारित प्रश्नांतून तपासला गेला आहे, रोजच्या नोंदींशी त्याची तुलना क्वचितच झाली आहे.’ आता आढाव्यातला एकेक संदर्भ घ्या आणि विचारा, हा काढला तर हे वाक्य कोसळतं का? कोसळत नसेल तर तो या निबंधात नको. दीडशेतले पंचवीस-तीस संदर्भ उरतात आणि त्यांचे तीन परिच्छेद सहज होतात. हेच काम प्रत्येक निबंधासाठी नव्याने करायचं. तिन्ही प्रस्तावनांचे पहिले परिच्छेद सारखेच निघाले तर समजा की निवड झालेलीच नाही.

उरलेल्या आढाव्याचा ‘पद्धतशीर आढावा’ म्हणून चौथा निबंध करावा, असं सुचवलं जातं. इथे सावध राहा. प्रबंधातला आढावा वाचत वाचत वाढलेला असतो. पद्धतशीर आढाव्याला शोधाची वाक्यरचना, कोणते माहितीसंच, कोणत्या तारखेपर्यंत, किती नोंदी सापडल्या, किती वगळल्या आणि का, हे सगळं लागतं, आणि प्रिस्मा 2020 सारख्या अहवाल-नियमांत ते आकृतीसह मागितलं जातं. हे आधी केलेलं नसेल तर मागाहून जुळवता येत नाही, शोध पहिल्यापासून करावा लागतो.

## कोणता निबंध आधी, आणि संपादकाला काय सांगायचं

जो निबंध लवकर पुरा होईल तो आधी, हा हिशेब चुकीचा. ज्याचा संदर्भ बाकीच्यांना लागणार आहे तो आधी पाठवा. आपल्या उदाहरणात मोजमापं आणि नमुना पहिल्या निबंधात स्थिरावतात, म्हणून तो पुढे. मात्र तो स्वीकारला जाईपर्यंत दुसरा अडवून ठेवू नका. पहिल्याच्या समीक्षेचा काळ दुसरा लिहिण्यात घालवा आणि पहिला अजून परीक्षणात असला तरी दुसरा पाठवा.

अशा वेळी संपादकाला लिहिण्याच्या पत्रात एक परिच्छेद याला द्या: ‘या सर्वेक्षणातील झोपेविषयीचा स्वतंत्र निबंध सध्या दुसऱ्या जर्नलकडे विचाराधीन आहे. त्याचा प्रश्न आणि गृहीतके वेगळी आहेत. दोन्हीत समान असलेले वर्णन पद्धतीच्या दोन उपविभागांपुरते आहे. तो निबंध संपादकांच्या माहितीसाठी सोबत जोडला आहे.’ दुसऱ्या निबंधाची गोष्ट लपवली आणि समीक्षकाला दोन्ही निबंध दिसले, तर निबंध कितीही चांगला असला तरी संशयाच्या छायेत जातो. समीक्षक एका क्षेत्रातले मोजके असतात, त्यामुळे दोन्ही एकाच माणसाकडे जाण्याची शक्यता वाटते त्यापेक्षा जास्त असते.

जर्नल परवानगी देत असेल तर पहिला निबंध प्रीप्रिंट म्हणून ठेवला की दुसऱ्यात त्याचा रीतसर संदर्भ देता येतो. जर्नल लेखकांची नावं समीक्षकांपासून लपवत असेल, तर हस्तलिखितात ‘लेखकांचा संबंधित निबंध, नाव गाळले आहे’ असं लिहा, आणि खरी प्रत फक्त संपादकाला द्या.

लेखकांचा क्रम याच टप्प्यावर लेखी ठरवा. मार्गदर्शक तिन्ही निबंधांत असतील, पण संख्याशास्त्राचं काम करणारा सहकारी दोनच निबंधांत असू शकतो. ‘क्रेडिट’ नावाच्या पद्धतीत योगदानाच्या 14 भूमिका दिलेल्या आहेत. त्यांतून प्रत्येकाचं काम तेव्हाच नोंदवून ठेवलं, तर प्रबंध देताना लागणारं सहलेखक-निवेदन त्यातूनच तयार होतं. निबंध छापून आल्यावर दोन वर्षांनी परदेशी गेलेल्या सहलेखकाची सही मिळवणं फार त्रासाचं होतं.

## समीक्षा आली की पाठ बदलतो

इथे एक वेगळीच अडचण उभी राहते. पहिल्या निबंधाचा समीक्षक म्हणतो, अंशकालीन परिचारिकांना वगळा. त्याचं म्हणणं रास्त असतं, तुम्ही मान्य करता आणि नमुना 548 वरून 511 वर येतो. पण दुसरा निबंध अजून 548 च्या आधारावर लिहिलेला आहे.

बदल मान्य करण्याआधी सामायिक वही उघडा आणि तो कोणत्या निबंधांना लागतो ते पाहा. दुसरा निबंध अजून पाठवला नसेल तर त्याचंही विश्लेषण नव्या निकषाने पुन्हा करा. परीक्षणात असेल तर सुधारित आवृत्तीत बदल करा आणि उत्तरपत्रात कारण द्या. छापून आलेला असेल, तर नवा निकष लावून विश्लेषण चालवा आणि निष्कर्ष टिकतो का ते पाहा. टिकत असेल तर ती तपासणी जोडणाऱ्या प्रकरणात एका तक्त्यासह द्या. निष्कर्ष उलटत असेल तर जर्नलला कळवून दुरुस्ती छापणं हाच मार्ग आहे. परीक्षकांपुढे तुम्ही स्वतः मांडलेली विसंगती चर्चेचा विषय होते, त्यांनी शोधून काढलेली विसंगती मात्र अविश्वासाचा.

दुसरा प्रसंग उलट दिशेचा. दुसऱ्या निबंधाचा समीक्षक मागणी करतो की पाळीतल्या अंतराचंही पूर्ण विश्लेषण जोडा. ते पहिल्या निबंधात आधीच आहे. इथे होकार देऊ नका. ‘हे विश्लेषण स्वतंत्र निबंधात मांडले आहे, त्याचा मुख्य निष्कर्ष आम्ही प्रस्तावनेत एका वाक्यात नोंदवला आहे’ असं उत्तर द्या, आणि ते वाक्य खरोखर नोंदवा.

## जोडणारं प्रकरण

तीन निबंध बांधून ठेवले की प्रबंध होत नाही. विद्यापीठागणिक नाव वेगळं असलं तरी सुरुवातीला आणि शेवटी जोडणारा मजकूर लागतो. त्याची लांबी नियमाप्रमाणे बदलते. 8,000 ते 15,000 शब्दांत बहुतेकांचं काम भागतं. जुन्या मसुद्यातली प्रस्तावना आणि चर्चा इथे उपयोगी येते, पण तीच चिकटवू नका, कारण तिच्यातला बराच भाग आता निबंधांत गेलेला असतो.

या प्रकरणाचं खरं काम म्हणजे एकट्या निबंधात बसू न शकलेला दावा मांडणं. आपल्या उदाहरणात तो सहज सापडतो. मुलाखतींमधून दिसतं की खूप थकलेल्या परिचारिका थोडक्यात टळलेली चूक नोंदवतच नाहीत, ती त्यांना ‘काही झालंच नाही’ अशी वाटते. पण दुसऱ्या निबंधातले चुकांचे आकडे परिचारिकांनी स्वतः सांगितलेले आहेत. म्हणजे ज्या सर्वांत कमी झोपल्या, त्यांच्याच चुका सर्वांत कमी सांगितल्या गेल्या असण्याची शक्यता आहे आणि खरा संबंध छापलेल्या आकड्यापेक्षा अधिक बळकट असू शकतो. हे तिसऱ्या निबंधाच्या चर्चेत एका परिच्छेदात येईल. पण त्याचा पूर्ण विचार, कोणत्या गटात किती कमी नोंद झाली असेल याच्या अंदाजासह, जोडणाऱ्या प्रकरणातच शोभतो. परीक्षकाला इथे उमेदवाराची स्वतःची समज दिसते.

दुसरं काम साधं पण चुकवता न येणारं. वेगवेगळ्या जर्नलांमुळे एकाच गोष्टीला तीन शब्द आलेले असतात: एकीकडे ‘थकवा’, दुसरीकडे ‘निद्राळूपणा’, तिसरीकडे ‘अपुरी झोप’. यांपैकी काही बदल समीक्षकांनी करायला लावलेले असतात. एका छोट्या तक्त्यात कोणत्या निबंधात कोणता शब्द कोणत्या मोजमापासाठी आला ते द्या. प्रकाशित निबंधातला शब्द प्रबंधात गुपचूप बदलू नका. प्रबंधातली प्रत छापलेल्या प्रतीशी जुळायला हवी. टंकचूक सुधारली असेल तर तळटीपेत सांगा.

प्रत्येक निबंधापुढे अर्ध्या पानाचा दुवा द्या: हा निबंध आधीच्यातून कसा निघतो, सध्या तो कोणत्या अवस्थेत आहे, छापला असेल तर जर्नल आणि डीओआय, आणि त्यात तुमचं योगदान काय.

## हक्क आणि कोणती प्रत लावायची

जर्नलशी करार करताना तीन प्रतींमधला फरक लक्षात ठेवा: पाठवलेली प्रत, समीक्षेनंतर स्वीकारलेली पण जर्नलने न मांडलेली प्रत आणि जर्नलने मांडून छापलेली अंतिम प्रत. प्रबंधात निबंध समाविष्ट करायला बरेच प्रकाशक परवानगी देतात. पण तोच प्रबंध विद्यापीठाच्या ऑनलाइन भांडारात सगळ्यांना खुला होतो, तेव्हा अंतिम प्रत चालेल की नाही हा वेगळा प्रश्न असतो. अनेकदा तिथे स्वीकारलेली प्रत ठेवावी लागते, कधी ठराविक काळ प्रबंध बंद ठेवावा लागतो. निबंध सीसी बाय परवान्याखाली खुला छापला असेल तर श्रेय देऊन अंतिम प्रत वापरता येते.

म्हणून निबंध स्वीकारल्याच्या दिवशीच दोन गोष्टी जपून ठेवा: स्वीकारलेल्या प्रतीची फाइल आणि प्रकाशकाच्या हक्क-नियमाच्या पानाची तारखेसह प्रत. प्रबंध देईपर्यंत ते पान बदललेलं असू शकतं. तक्ते आणि आकृत्यांच्या मूळ फाइल्सही वेगळ्या ठेवा. प्रबंधात पृष्ठक्रमांक आणि आकृत्यांचे क्रमांक एकसलग लागतात, तेव्हा पीडीएफमधून काढलेली धूसर आकृती कामाला येत नाही.

छापायला देण्याआधी शेवटची तपासणी आकड्यांची करा. तिन्ही निबंधांतले नमुन्याचे आकडे, वगळलेल्यांची कारणं आणि जोडणाऱ्या प्रकरणातला सारांश एका कागदावर शेजारी शेजारी मांडा. जिथे जुळत नाही तिथे एकतर सुधारा किंवा छापलेलं असेल तर फरकाचं कारण लिहा.